आजोबांची बोटं आणि पेन्शनचा अर्ज

ताई, माझे आजोबा ७६ वर्षांचे आहेत. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो. पेन्शनचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात आणि त्यांना ते स्वतःच भरायचे असतात. मी त्यांना वीस शॉर्टकटची यादी लिहून दिली, भिंतीवर चिकटवली. दोन दिवस त्यांनी बघितली, मग सोडून दिली. माउस हातात घेतला की हात थरथरतो, अर्ज अर्धा होतो आणि पान बंद पडतं. मग ते चिडतात आणि शेवटी मीच सगळं भरते. जूनपासून मी पुण्याला शिकायला जाणार आहे. तोपर्यंत त्यांना कसं शिकवू?
— एक नात

प्रिय नातीस,

तुझी यादी भिंतीवरून काढून ठेव. फाडू नकोस, त्यातले पाच-सहा शॉर्टकट लागणारच आहेत. पण आधी आमच्या घरची एक गोष्ट ऐक. ती माझ्या वडिलांची म्हणजे अण्णांची आणि माझ्या लेकीची आहे. लेक तेव्हा नववीत होती.

अण्णा वाईला राहतात. सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर टाइपरायटर सुटला तो सुटलाच, आणि कॉम्प्युटर घरात आला तो नातवंडांसाठी. त्या वर्षी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने सगळ्यांकडून संकेतस्थळावर माहिती मागवली होती. नाव, जन्मतारीख, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक, बँक खातं, आयएफएससी, राज्य, जिल्हा, पत्ता, पत्नीचं नाव असा सोळा-सतरा रकान्यांचा अर्ज होता. अण्णांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पान मध्येच बाहेर फेकून मोकळं झालं. अशा पानांवर ठरावीक वेळ काही हालचाल दिसली नाही की सुरक्षेसाठी लॉगिन आपोआप तुटतं आणि भरलेलं सगळं जातं. अण्णा प्रत्येक रकान्यापाशी माउस नेऊन नेम धरत, क्लिक हुकला की पुन्हा धरत, मग चष्मा वर करून पासबुक बघत.

लेक दिवाळीच्या सुट्टीत गेली होती. तिनेही तुझ्यासारखीच यादी करून दिली आणि तिचंही तुझ्यासारखंच झालं. तिसऱ्या दिवशी ती नुसती शेजारी बसून बघत राहिली, आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पत्त्याच्या रकान्यात एकदा कर्सर बसला की आजोबा खाली न बघता दहा बोटांनी, तिच्यापेक्षा दुप्पट वेगाने टाइप करत होते. सगळा वेळ जात होता तो एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाण्यात. म्हणजे हात कीबोर्डवरून उचलून माउसवर नेण्यात आणि परत आणण्यात.

तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या टाइपरायटरला Tab होता का?"

"होता म्हणजे? टॅब्युलेटरशिवाय तक्ता कसा करणार?" आणि मग अण्णांनी तिला तासभर सांगितलं. तक्त्यात किती स्तंभ आहेत ते मोजायचं, त्याप्रमाणे कॅरेजवर थांबे लावायचे, एक आकडा टाइप केला की Tab दाबायचा, कॅरेज सरकून बरोब्बर पुढच्या स्तंभापाशी थांबतं.

"मग हा अर्जही तक्ताच आहे," ती म्हणाली. "थांबे आधीच लावून ठेवलेत. तुम्ही फक्त Tab दाबा."

त्या संध्याकाळी अण्णांनी एवढंच केलं. अर्ज उघडून पहिल्या रकान्यात एकदा क्लिक केलं आणि नंतर माउस टेबलाच्या पार पलीकडे सरकवून ठेवला. Tab दाबला की पुढचा रकाना, Shift धरून Tab दाबला की मागचा. काही न भरता वरून खाली, खालून वर असे चार फेरे मारले. तुझ्या आजोबांनाही पहिल्या दिवशी एवढंच दे. आपण कुठे आहोत हे कसं कळतं तेही दाखव. ज्या रकान्यात कर्सर आहे त्याची कड ठळक होते. ती दिसत नसेल तर Ctrl धरून + दाबत पान मोठं करायचं, आणि Ctrl धरून 0 दाबलं की ते मूळ आकारात येतं. आमच्या अण्णांना १५० टक्क्यांवर नीट दिसायला लागलं, तेव्हा कळलं की निम्मी चिडचिड डोळ्यांची होती.

आता जुन्या सवयींचा दुसरा भाग. काही सवयी मदतीला येतात तशा काही आडव्याही येतात. त्या आधीच माहीत असल्या तर माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ओढायचा, कॅरेज परत जायचं. कीबोर्डवर त्या दांड्याच्या जागी Enter आहे हे अण्णांना कोणीतरी कधी सांगितलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक रकाना भरला की ते Enter मारत. पत्त्याचा ऐसपैस रकाना सोडला तर अशा अर्जांत Enter म्हणजे बहुतेक वेळा "अर्ज पाठव". दुसऱ्याच रकान्यानंतर Enter मारला की पान लाल अक्षरांनी भरून जातं, कारण बाकीचे रकाने रिकामे असतात. अण्णांना वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं लिहिलं. लिहिलेलं बरोबर असायचं, ते फक्त वेळेआधी पाठवलेलं असायचं. लेकीने लाल रंगाची एक चिकटपट्टी Enter वर लावली आणि सांगितलं की ही कळ अगदी शेवटी.

दुसरी सवय मला स्वतःला माहीत नव्हती. जुन्या कित्येक इंग्रजी टाइपरायटरांवर 1 या आकड्याची कळच नसायची. टायपिस्ट इंग्रजी लहान l दाबत आणि कागदावर तो एकसारखाच दिसे. अण्णांचं पहिलं यंत्र तसंच होतं. पीपीओ क्रमांकात जिथे जिथे 1 होता तिथे त्यांचं बोट आपसूक l वर जात होतं. पडद्यावर बघितलं तर फरक जवळजवळ दिसत नाही आणि अर्ज म्हणतो, क्रमांक चुकीचा. हे कळायला लेकीला दोन दिवस लागले. तिने तो क्रमांक मोठा करून बघितला तेव्हा कुठे ते दिसलं. शून्याचंही तसंच होतं, काहीजण मोठा O टाइप करतात. आयएफएससी भरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांग. तो अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची आणि पाचव्या जागी नेहमी शून्यच. तिथे O पडला की बँक सापडतच नाही.

तुझे आजोबा टायपिस्ट नसतील. पण ते काय करत होते हे तू लिहिलेलं नाहीस आणि ते आधी आठवून बघ. तलाठी असतील तर त्यांना रकाने आयुष्यभर पाठ आहेत. एसटीत कंडक्टर असतील तर न बघता बोटाने नेमकं तिकीट काढायची सवय आहे. शिक्षक असतील तर हजेरीपट. पहिला शॉर्टकट त्यांच्या हातांना आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला जोडून दे.

अर्जात सगळ्यात फसवा भाग असतो तो याद्यांचा. राज्य, जिल्हा, बँक, शाखा असं निवडायला एक यादी उघडते आणि माउसने तिच्यात वरखाली करताना भलतंच निवडलं जातं. Tab ने यादीपाशी पोचल्यावर ती उघडायचीही गरज नसते. नावाची पहिली अक्षरं भरभर टाइप केली की यादी तिथे जाते. mah टाइप केलं की Maharashtra. अण्णांना हे पहिल्याच फटक्यात जमलं, कारण त्यांची बोटं वेगवान. शेजारच्या काकांना जमेना. ते एकेक अक्षर शोधून, थांबून थांबून दाबत होते आणि प्रत्येक वेळी यादी Haryana वर जाऊन बसत होती. याचं कारण लक्षात ठेव, कारण तुझ्याकडेही हेच होईल. अक्षरांमध्ये साधारण सेकंदभराचं अंतर पडलं की यादी प्रत्येक अक्षर नव्याने मोजते. m ला Madhya Pradesh, मग a ने सुरू होणारं पहिलं राज्य आणि शेवटी h म्हणजे Haryana. सावकाश हातासाठी उपाय वेगळा आहे. एकच अक्षर पुन्हा दाबायचं. m एकदा, Madhya Pradesh. m दुसऱ्यांदा, Maharashtra.

निवड झाली की लगेच Tab दाबून तिथून बाहेर पडायचं. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. अण्णांनी एकदा शाखा बरोबर निवडली आणि खालचं पान बघावं म्हणून खालचा बाण दाबला. कर्सर अजून यादीतच होता. पान हललं नाही, शाखा मात्र बदलली आणि दुसऱ्या गावची झाली. हे पाठवायच्या आधी दिसलं म्हणून बरं. खाली-वर बघायचं असेल तर आधी यादी सोडायची, मग Page Down. तसंच छोट्या चौकोनात बरोबरची खूण करायची असेल तर तिथे Tab ने जाऊन Space दाबायचा. पण एकदाच, कारण दुसऱ्यांदा दाबला की खूण पुसली जाते.

यादीत टाइप करूनही काहीच हलत नसेल तर आधी कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे ते बघा. मराठी चालू राहिलं तर इंग्रजी यादीला ती अक्षरं कळत नाहीत. Windows ची कळ धरून Space दाबलं की भाषा बदलते. आकड्यांच्या रकान्यांतही हाच घोळ होतो. कोणी खातं क्रमांक मराठी आकड्यांत पाठवलेला असतो, तो उचलून टाकला की आपल्याला बरोबर दिसतो आणि अर्जाला तो आकडाच वाटत नाही.

आता नकल करून चिकटवण्याबद्दल, म्हणजे Ctrl+C आणि Ctrl+V. तुझ्या यादीत हे पहिल्या क्रमांकावर असणार. मी ते अगदी शेवटी शिकवेन. आमच्या लेकीने Notepad मध्ये एक फाइल केली, एका ओळीत एकच गोष्ट. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत पीपीओ, तिसरीत खातं क्रमांक, चौथीत आयएफएससी. आजोबांनी ती स्वतः टाइप केली, तिने पीपीओचं पुस्तक आणि पासबुक हातात घेऊन एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि त्यांनी पडद्यावर जुळवला. नंतर ओळीच्या सुरुवातीला Home, मग Shift धरून End. ओळ निळी होते, Ctrl+C. अर्जावर जायला Alt धरून Tab, रकान्यात Ctrl+V. एकदा टाइप केलेलं आणि एकदा तपासलेलं पुन्हा टाइप करायची गरज राहत नाही.

इथेही एक खड्डा आहे. लेकीने आधी खातं क्रमांक बँकेच्या मेसेजमधून उचलला होता आणि आकड्यांच्या आधी एक मोकळी जागा सोबत आली. रकाना अकराच खुणा घेणारा होता. मोकळी जागा पहिल्या खुणेत मोजली गेली आणि शेवटचा आकडा गळला. रकान्याने काही तक्रार केली नाही. म्हणून चिकटवल्यावर नेहमी शेवटचे चार आकडे पासबुकाशी ताडायचे. सुरुवातीचे आकडे बघून काही कळत नाही, गळतात ते शेवटचे. काही अर्जांत खातं क्रमांक दोनदा मागतात आणि दुसऱ्यांदा चिकटवू देत नाहीत. तिथे हाताने टाइप करायला लावतात ते मुद्दाम, पहिली चूक तिथे पकडली जाते.

दोन कळा एकदम दाबणं थरथरत्या हाताला अवघड जातं. Ctrl सुटतो आणि नुसता c उमटतो. त्यासाठी Windows मध्ये Sticky Keys नावाची सोय आहे. Shift लागोपाठ पाच वेळा दाबला की एक चौकट येते, तिला होकार द्यायचा. मग Ctrl दाबून सोडून द्यायचा, निवांत c शोधायचा आणि दाबायचा. कॉम्प्युटर ते एकत्र धरतो. मात्र मध्ये कोणी नेहमीच्या पद्धतीने दोन कळा एकदम दाबल्या की ही सोय बहुतेक आपोआप बंद होते. आमच्याकडे लेक मध्येच हात घालून झटकन Ctrl+C करायची आणि नंतर आजोबांचं का चालत नाही म्हणून दोघं डोकं खाजवत बसायचे. तेव्हा तू मध्ये हात घालू नकोस, याला हे एक कारणच समज.

आणखी एक कळ त्यांच्या हातात दिलीच पाहिजे, Ctrl+Z. Tab ने भरलेल्या एका ओळीच्या रकान्यात परत गेलं की आतला सगळा मजकूर निळा होतो आणि चुकून एक अक्षर जरी लागलं तरी तो सगळा पुसला जातो. अण्णांचा अख्खा पीपीओ क्रमांक असा गेला तेव्हा ते खुर्चीवरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लेकीने त्यांना परत बोलावलं, Ctrl+Z दाबायला लावलं आणि क्रमांक जागेवर आला. टाइपरायटरवर चूक म्हणजे खोडरबर, कार्बनच्या सगळ्या प्रतींवर खोडाखोड, नाहीतर नवा कागद. "असं असतं तर माझी किती रिमं वाचली असती," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसानंतर ते घाबरेनासे झाले.

सराव खऱ्या अर्जावर करू नका. लेकीने त्याच रकान्यांचा एक खोटा अर्ज Google Forms मध्ये बनवला होता, खोटी नावं आणि खोटे आकडे घालून. आजोबांनी तो आठवडाभर रोज एकदा भरला. पहिल्या दिवशी अडतीस मिनिटं लागली, सहाव्या दिवशी अकरा. खरा अर्ज त्यांनी सातव्या दिवशी सकाळी उघडला. गजर लावून बसले नव्हते, पण लेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. चौदा मिनिटं. तारखेच्या रकान्यापाशी अडले, कारण तिथे टाइप करता येत नव्हतं, छोट्या कॅलेंडरमध्येच निवडायचं होतं. अशा ठिकाणी माउस लागतोच. तो पलीकडून ओढून घेतला, वर्ष, महिना, दिवस निवडला आणि परत सरकवून ठेवला. सगळं भरून झाल्यावर वरपासून एकदा वाचलं. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी स्वतः वाचला आणि स्वतः टाकला. मग लाल पट्टीवर बोट ठेवलं. पोचपावती Ctrl+P ने छापली आणि तिचा क्रमांक डायरीत उतरवून घेतला.

ओटीपी त्यांनीच वाचायचा हा नियम तुझ्या घरीही ठेव, तुझ्यासाठीसुद्धा. तू पुण्याला असताना उद्या कोणी फोनवर "मी तुमच्या नातीच्या कॉलेजातून बोलतोय" म्हणून ओटीपी मागितला, तर तो फक्त आपल्याच डोळ्यांपुरता असतो ही सवय तेव्हा कामी येईल. त्या Notepad च्या फाइलमध्ये आधार क्रमांक ठेवू नका, तो कार्ड बघून टाइप करायचा. आणि अर्ज गावातल्या सायबर कॅफेत भरायची वेळ आली तर उठण्याआधी Windows ची कळ आणि V दाबायला सांग. नकल केलेल्या गोष्टी तिथे साठत असतील तर त्या दिसतात, Clear all करून मगच उठायचं.

हयातीच्या दाखल्याचं थोडं वेगळं आहे. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे आणि आता चेहरा दाखवून तो मोबाइलवरच काढता येतो, त्यामुळे तिथे कीबोर्डचं काम फार नसतं. पण त्यातही पेन्शन मंजूर करणारा विभाग कोणता आणि प्रत्यक्ष देणारं कोण, हे दोन वेगळे प्रश्न यादीतून निवडावे लागतात. तिथे चूक झाली तर दाखला भलत्याच ठिकाणी जातो. Pramaan ID मिळाला म्हणजे दाखला तयार झाला एवढंच. पेन्शन देणाऱ्याने तो स्वीकारला की नाही हे काही दिवसांनी संकेतस्थळावर बघावं लागतं. तेवढी तारीख त्यांच्या डायरीत लिहून ठेव. नाहीच जमलं, तर नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही करायचा जुना रस्ता बंद झालेला नाही.

जूनपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. आज संध्याकाळी फक्त Tab. उद्या Enter वर पट्टी आणि पान मोठं करणं. परवा याद्या. नंतर दोन दिवस काहीच नवं नको, खोटा अर्ज भरू दे. मग Ctrl+Z, आणि नकल-चिकटव शेवटी. त्यांनी विचारलं तरच सांग, आणि सांगताना हात मांडीवर ठेव. आमच्या लेकीला हेच सगळ्यात जड गेलं होतं.

आजोबा आधी काय काम करायचे ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई